स्नायूंतील चाती आणि चालणारा पाय

मनुष्य चालत असतांना प्रत्येक पावलागणिक त्याची पोटरी दोनदां ताणली जाते. पाऊल जमिनीवर टेकलेलें असतें तेव्हां नडगी घोट्यावरून हळूहळू पुढें झुकते आणि पोटरीचा स्नायु लांबतो. हा पहिला ताण. नंतर तोच पाय उचलून पुढें नेला जातो. बोटें जमिनीला अडखळूं नयेत म्हणून पावलाचा पुढचा भाग वर ओढला जातो आणि पोटरी पुन्हां लांबते. हा दुसरा ताण. स्नायूच्या दृष्टीनें दोन्ही प्रसंगीं घडतें तें एकच. परंतु पहिल्या ताणाला पोटरी जोरानें उत्तर देते, आणि दुसऱ्या ताणाला जवळजवळ मौन धरते. स्नायु तोच, त्याचे मज्जातंतूहि तेच. मग वागणूक निराळी कां?

हा प्रश्न नीट मांडतां येण्यासच शरीरशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. प्रारंभ झाला तो चालणाऱ्या पायापासून नव्हे, तर लोंबकळत सोडलेल्या पायापासून. रबरी हातोडीनें गुडघ्याच्या वाटीखालीं हलकेंच ठोकलें म्हणजे पाय आपोआप पुढें उडतो, हें डॉक्टरांच्या दवाखान्यांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. हा प्रकार १८७५ सालीं जर्मनींतील दोन वैद्यांनीं, विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनीं, एकाच वेळीं पण स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. वेस्टफालला वाटलें कीं ठोक्यानें स्नायूच स्वतः चेतवला जातो. एर्बचें म्हणणें असें होतें कीं ठोक्याची वार्ता प्रथम पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथून आज्ञा घेऊन परत येते. एर्बचें म्हणणें खरें ठरलें. ठोका आणि मांडीच्या स्नायूंतील पहिली विद्युत्-चळवळ यांच्यामध्यें सुमारें २० सहस्रांश सेकंद जातात, आणि तेवढा वेळ ह्या फेरीसाठींच लागतो.

आतां ठोका कंडरेवर बसतो, पण तो कळतो कोणाला? कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधणारी चिवट, पांढरी दोरी. ती किंचित् आंत दाबली गेली कीं तिच्या वरच्या टोकाला असलेला स्नायु केंसभर ताणला जातो. ह्या ताणाची दखल घेणारीं सूक्ष्म इंद्रियें स्नायूच्या मांसांतच लपलेलीं असतात. १८६३ सालीं विल्हेल्म क्यूने यानें त्यांना चाती हें नांव दिलें. मध्यें फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतीं अशीं तीं दिसतात, म्हणून. सूत कातणाऱ्यानें हातांतल्या चातीकडे पाहावें म्हणजे आकाराची कल्पना येईल. मात्र लांबी थोड्याशा मिलिमीटरांचीच. एका पातळ आवरणांत दोनपासून दहा-बारापर्यंत बारीक स्नायुतंतु, त्यांच्या मध्यभागीं वेटोळें घालून बसलेला संवेदक मज्जातंतु, एवढीच तिची घडण. ही रचना रोगाची खूण आहे असेंहि एके काळीं कांहीं जण समजत. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९४ सालीं मज्जातंतूंचीं मुळें कापून आणि तंतूंचा ऱ्हास तपासून हें दाखवून दिलें कीं चाती हें संवेदनेचें इंद्रिय आहे.

चातीची जागा विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. ती स्नायूच्या जाड तंतूंना समांतर, त्यांच्या शेजारीं पडलेली असते. त्यामुळें स्नायु लांबला कीं तीहि लांबते, आणि तिचा संवेदक तंतु मज्जारज्जूकडे संदेशांची सर लावून देतो. हे संदेश नुसती लांबी सांगत नाहींत. लांबी किती वेगानें वाढत आहे हेंहि सांगतात. ह्या तंतूचीं टोकें मज्जारज्जूंत त्याच स्नायूला हुकूम देणाऱ्या प्रेरक पेशींवर थेट जाऊन पोंचतात, मध्यें कोणी मध्यस्थ नसतो. स्नायु ताणला, चातीनें कळविलें, आणि स्नायूनें आखडून ताणाला विरोध केला. हीच ताणाची प्रतिक्षिप्त क्रिया. लिडेल आणि शेरिंग्टन यांनीं १९२४ सालीं मेंदूचा वरचा भाग वेगळा केलेल्या मांजरावर तिचें मापन केलें. मांडीचा स्नायु थोडेसे मिलिमीटर ताणला कीं त्यांतील जोर लगेच वाढे आणि ताण असेपर्यंत टिके. संवेदक मुळें कापलीं कीं तोच स्नायु लुळ्या रबरासारखा वागे. म्हणजे हातोडीचा झटका हें त्या क्रियेचें केवळ ओझरतें दर्शन. तिचें नित्याचें काम सतत टेका देण्याचें आहे.

येथें एक अडचण उभी राहते. चाती समांतर आहे म्हणून स्नायु आखडून आंखूड झाला कीं ती सैल पडली पाहिजे, आणि सैल पडलेली चाती मुकी होते. ज्या क्षणीं स्नायु काम करूं लागतो त्याच क्षणीं त्याचा वार्ताहर गप्प बसावा, ही व्यवस्था कशाची? निसर्गानें हिची तोड अशी काढली आहे कीं चातींतील बारीक तंतूंच्या दोन्ही टोकांना आखडण्याची शक्ति दिली, आणि त्यांना हुकूम नेणारे वेगळे, बारीक मज्जातंतु ठेवले. त्यांना गॅमा तंतु म्हणतात. तीं टोकें आखडलीं कीं मधला संवेदक भाग ताठ होतो. तंबोऱ्याची तार उतरली कीं गवई खुंटी पिळून ती पुन्हां सुरांत आणतो, तसाच हा प्रकार. आणि खुंटी अधिक पिळली तर लहानशा ताणालाहि चाती मोठ्यानें ओरडते. ह्या तंतूंचें हें कार्य लार्स लेक्सेल यानें १९४५ सालीं स्वीडनमध्यें दाखवून दिलें.

ह्या शोधावरून एक मोहक कल्पना निघाली. १९५३ सालीं मर्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें सुचविलें कीं मेंदू कदाचित् स्नायूला थेट हुकूम देतच नसेल. तो फक्त चातीची खुंटी पिळत असेल, आणि मग प्रतिक्षिप्त क्रियेनें स्नायु आपोआप तितका आखडत असेल. यंत्रविद्येच्या त्या काळांत ही कल्पना फार आवडली. ती खरी असती तर चातीचा संदेश स्नायूच्या आखडण्याआधीं यावयास हवा होता. हें माणसांत कसें तपासावें? स्वीडनमधील हागबार्थ आणि व्हाल्बो यांनीं अतिशय बारीक सुया प्रथम स्वतःच्याच मज्जातंतूंत खुपसून एकेका तंतूचे संदेश टिपण्याची रीत बसविली. व्हाल्बोनें १९७१ सालीं प्रसिद्ध केलें कीं मनुष्य बोट वळवूं लागला म्हणजे स्नायूची चळवळ आधीं सुरू होते आणि चातीची सर कांहीं क्षणांनीं मागाहून येते. ह्याचा अर्थ मेंदू दोन्ही हुकूम बरोबरच सोडतो, स्नायूलाहि आणि खुंटीलाहि; बारीक तंतूंतून जाणारा दुसरा हुकूम किंचित् उशिरा पोंचतो, इतकेंच. मर्टनची कल्पना मागें पडली, पण तिच्यामुळें नेमका प्रश्न विचारला गेला, हें तिचें ऋण मानावें लागेल.

चातीचें जोडीदार इंद्रिय कंडरेंत असतें. कॅमिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञानें १८८० च्या सुमारास त्याचें वर्णन केलें. स्नायूचे दहा-वीस तंतु जेथें कंडरेला जाऊन मिळतात तेथें एक मिलिमीटरभर लांबीची ही गुंडाळी बसलेली असते. चाती स्नायूच्या शेजारीं असते, तर हें इंद्रिय त्याच्या ओळींत, जणूं साखळीची एक कडीच. म्हणून तें लांबी सांगत नाहीं. ओढ किती आहे तें सांगतें. स्वस्थ स्नायु कोणी बाहेरून ताणला तर त्याला फारसें कांहीं वाटत नाहीं. स्नायु स्वतः आखडला तर मात्र तें लगेच बोलूं लागतें, आणि चाती नेमकी तेव्हांच सैल पडूं पाहत असते.

ह्या इंद्रियाविषयीं शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत बरींच वर्षें एक समजूत चालत आली. हें म्हणे धोक्याची घंटा आहे; ओढ मर्यादेबाहेर गेली कीं तें स्नायूला एकदम ढिला करतें आणि कंडरा तुटूं देत नाहीं. पक्षाघाताच्या रोग्याचा ताठ हात जोरानें वाकवतांना तो आधीं अडतो आणि मग चाकूचें पातें मिटावें तसा अकस्मात् सुटतो, त्याचें श्रेयहि ह्यालाच दिलें जाई. हाउक आणि हेनेमन यांनीं १९६७ सालीं मांजराच्या पोटरीवर प्रयोग करून दाखविलें कीं स्नायूंतील एकाच प्रेरक पेशीच्या ताब्यांतले थोडेसे तंतु आखडले तरी हें इंद्रिय संदेश देतें. इतक्या हलक्या ओढीला जें बोलतें तें धोक्याची घंटा कसें असेल? तो तर अहोरात्र तोलणारा तराजू आहे. हात सुटण्याच्या त्या प्रकाराचें कारण आतां स्नायूंतील दुसऱ्याच बारीक तंतूंत शोधलें जातें. तरीहि घंटेची गोष्ट पुस्तकांतून गेलेली नाहीं. सोपी गोष्ट एकदां छापली गेली कीं फार चिवट होते.

आतां पुन्हां चालणाऱ्या पोटरीकडे वळतां येईल. मध्यम गतीनें चालणाऱ्या माणसाच्या एका पायाची पूर्ण फेरी साधारण एका सेकंदाची धरूं. त्यांतील सुमारें सहा दशांश वेळ पाऊल जमिनीवर असतें आणि चार दशांश हवेंत. टांच टेकल्यावर शरीराचा भार त्या पायावर येतो, नडगी पुढें झुकूं लागते आणि पोटरीच्या आंतल्या रुंद स्नायूंतील चाती ताणल्या जातात. त्यांचे संदेश किती वेळांत काम करतील याचा हिशेब सोपा आहे. पोटरीपासून मज्जारज्जूच्या त्या जागेपर्यंतचें अंतर ८० सेंटिमीटर धरलें आणि संदेशाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर जाण्यास १६ आणि येण्यास १६, मिळून ३२ सहस्रांश सेकंद होतात. दोन्ही टोकांचा थोडा विलंब मिळविला कीं ४० च्या आसपास येतात. प्रत्यक्ष मापनांतहि तितकेच सांपडतात. विचार करून पाय हलवावयाचा तर ह्याच्या कितीतरी पट वेळ लागेल, आणि तेवढ्यांत खड्ड्यांत गेलेला पाय मुरगळूनहि जाईल.

पण हीच चपळ क्रिया पाय हवेंत असतांना चालू राहिली तर? नडगीपुढचा स्नायु पाऊल वर उचलीत आहे, पोटरी झपाट्यानें लांबत आहे. तिनें सवयीप्रमाणें हिसका दिला तर बोटें खालीं वळतील आणि मनुष्य तोंडघशीं पडेल. तसें होत नाहीं, ह्याचा पुरावा कॅनडांतील कपाडे आणि स्टाइन यांनीं १९८६ सालीं दिला. त्यांची रीत हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञानें १९१० सालीं दाखविलेल्या युक्तीवर आधारलेली होती. गुडघ्यामागच्या खळगींत विजेचा हलका झटका देऊन चातीचे तंतु थेट चेतवावयाचे. अशानें चाती स्वतः किती ताठ आहे हा प्रश्न मधून निघून जातो, आणि उत्तरांत जो फरक दिसेल तो मज्जारज्जूंतीलच असें म्हणतां येतें. मात्र झटका प्रत्येक वेळीं सारखाच पोंचला पाहिजे. चालतांना पाय हलतो, विजेचें टोक किंचित् सरकतें आणि सगळें मापन बिघडतें. म्हणून त्याच झटक्यानें प्रेरक तंतु थेट चेतून स्नायूंत जी पहिली लहर उठते ती मोजावयाची, आणि ती सारखी आली असेल तेवढींच उत्तरें जमेस धरावयाचीं. अशी खबरदारी घेऊन त्यांनीं पाहिलें तों पाऊल जमिनीवर असतांना उत्तर वाढत वाढत जातें, आणि पाय हवेंत गेला कीं जवळजवळ शून्य होतें. शिवाय स्नायूची चळवळ तितकीच असूनहि स्तब्ध उभ्या माणसांत उत्तर अधिक मोठें आणि चालणाऱ्यांत लहान असतें. पुढें त्यांनाच आढळलें कीं धावतांना तें त्याहूनहि लहान होतें.

ही दारबंदी मज्जारज्जूंत दोन रीतींनीं होते. चातीचा तंतु प्रेरक पेशीला जेथें भेटतो तेथेंच कांहीं मध्यस्थ पेशी त्याच्या टोकाला गांठून संदेश पोंचण्यापूर्वींच तो क्षीण करतात. दुसरीकडे, नडगीपुढच्या स्नायूला उचलण्याचा हुकूम देणारीच व्यवस्था त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे पोटरीला, गप्प राहण्यास सांगते. चाती त्या वेळींहि खरें तेंच सांगत असते. तिचें ऐकावें किंवा नाहीं, हें चालण्याच्या त्या क्षणाच्या गरजेवर ठरतें.

कंडरेंतील तराजूचें वागणें ह्याहून नवलाचें आहे. स्वस्थ बसलेल्या प्राण्यांत त्याचा संदेश आपल्या स्नायूच्या प्रेरक पेशींना दाबतो, असें सर्व जुन्या प्रयोगांत दिसे. परंतु कॉनवे, हुल्टबोर्न आणि कीन यांनीं १९८७ सालीं मांजराच्या मज्जारज्जूंत औषधानें चालण्याचा ताल सुरू करून तोच प्रयोग केला, तेव्हां तराजूचे संदेश नेणाऱ्या तंतूंना चेतवितांच भार पेलणारे स्नायु दबले नाहींत, उलट अधिक जोरानें आखडले. स्वस्थपणीं जो ‘सोड’ म्हणतो तोच चालतांना ‘धर’ म्हणतो. ह्यांत व्यवहार आहे. पायावर जितका भार, तितकी पोटरी खंबीर हवी. आणि पाऊल संपत आलें, भार दुसऱ्या पायावर गेला, कंडरेची ओढ उतरली, कीं ‘आतां हा पाय उचलण्यास हरकत नाहीं’ अशी सूचनाहि त्याच तराजूकडून मिळते. ड्युसेन्स आणि पिअर्सन यांनीं १९८० सालीं हें उलट बाजूनें दाखविलें होतें: चालत्या मांजराची टांचेवरील कंडरा मुद्दाम ओढून धरली, तर तो पाय उचलला जाण्याची पाळीच येत नाहीं. माणसांत तराजूचा वांटा नेमका किती, हें वेगळें काढणें कठीण आहे. कारण चालतांना चाती, कंडरा आणि तळव्याची त्वचा हीं सर्व एकदमच बोलतात.

हे सगळे वार्ताहर एकदम नाहींसे झाले तर काय होतें, हें इयन वॉटरमन या इंग्रज तरुणाच्या प्रसिद्ध उदाहरणावरून कळतें. १९७१ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, एका आजारानंतर मानेखालच्या त्याच्या संवेदक तंतूंपैकीं सर्व जाड तंतु नष्ट झाले. स्पर्श गेला, चाती आणि तराजू यांच्या वार्ता बंद पडल्या. वेदना आणि ऊन-गार तेवढें कळत असे. प्रेरक तंतु शाबूत होते, म्हणजे स्नायूंत जोर होता. तरी त्याला बसतांहि येईना. हात आपोआप भलतीकडे जात. पुढें अनेक महिन्यांच्या कष्टानें तो डोळ्यांनीं पाहून हालचाल करावयास शिकला, आणि चालूंहि लागला. पण प्रत्येक पाऊल बघून आणि योजून टाकावें लागे. दिवा अचानक गेला कीं तो कोसळे. जोनाथन कोल या डॉक्टरानें १९९१ सालीं त्याच्यावर ग्रंथ लिहिला. पक्षाघातांत हुकूम नेणारी वाट तुटते. येथें ती धडधाकट होती, आणि तरीहि शरीर हातचें गेलें होतें.

ह्याच्या अगदीं उलट अवस्था मेंदूंतील रक्तस्रावानंतर किंवा कण्याच्या इजेनंतर दिसते. वरून येणारा लगाम तुटतो. कण्याला मोठी इजा झाली असेल तर प्रथम कांहीं दिवस वा आठवडे प्रतिक्षिप्त क्रिया मुळींच मिळत नाहीं, आणि मग ती हळूहळू बळावते. डॉक्टर अशा रोग्याचें पाऊल झटकन् वर दाबून धरतात; पोटरी आखडते, सुटते, ताणली जाऊन पुन्हां आखडते, आणि सेकंदाला पांच-सात वेळां पाऊल फडफडत राहतें. धडधाकट माणसांत असे एक-दोन ठोके क्वचित् पडतात आणि थांबतात. नुसता गुडघा जोरानें उडाला म्हणून घाबरण्याचें मात्र कारण नाहीं. पुष्कळ निरोगी माणसांचा तो तसाच उडतो. दोन्ही बाजूंच्या उत्तरांत फरक असेल, किंवा बळ कमी झालें असेल, तर तें पाहावें.

अशा रोग्याच्या चालण्यांत जें बिघडतें तें केवळ हिसक्याचा आकार नव्हे. निरोगी पायांत पाय हवेंत जातांच जी दारबंदी होते, ती येथें अपुरी पडते. उभें राहतांना आणि पाय उचलतांना पोटरी जवळजवळ सारखेंच उत्तर देते, आणि पाऊल ओढत, बोटें घासत जातें. म्हणून हिसका कमी करणारें औषध दिलें कीं चालणें सुधारेल, अशी अपेक्षा स्वाभाविक वाटते. पण प्रत्यक्षांत ती नेहमीं फळत नाहीं. बऱ्याच काळानें पायांत जो ताठपणा येतो त्यांतला बराचसा भाग स्नायु आणि कंडरा स्वतःच आंखूड व कडक झाल्यामुळें असतो, आणि त्यावर मज्जातंतूंच्या औषधाचा उपाय चालत नाहीं. शिवाय ज्याच्या पायांत स्वतःचा जोर उरलेला नसतो, तो कित्येकदां त्या ताठपणावरच भार टाकून उभा राहत असतो. औषधानें ताठपणा उतरला कीं खाटेवर तपासतांना पाय छान मऊ लागतो, आणि उभें केल्यावर तोच पाय गुडघ्यांत वाकतो. म्हणून अनुभवी चिकित्सक मात्रा ठरविण्यापूर्वीं रोग्याला खाटेवर तर तपासतातच, पण त्याला धरून चार पावलें चालवूनहि पाहतात.